शेजारी ओरडला की समजायचं, विकेट पडली

शेवटचं षटक. चार चेंडूंत नऊ धावा हव्यात. माझ्या टीव्हीवरच्या स्ट्रीमिंग अॅपवर गोलंदाज अजून चेंडू पँटला घासतोय आणि भिंतीपलीकडून "गेला, गेला, गेलाऽऽ!" अशी बोंब. झालं! आता सिक्स बसणार हे मला कळलंय, फक्त बघायचं बाकी आहे. पैसे भरून शिळा सामना बघायचा, वर त्याला लाइव्ह म्हणायचं!

डोकं इतकं फिरलं की पुढच्या सामन्याला मी मोजायलाच बसलो. पलीकडे ओरडा झाला की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू, माझ्याकडे तोच चेंडू पडला की बंद. 32 सेकंद. पुढच्या विकेटला 33. षटकाला चार मिनिटं धरली तर दोन चेंडूंमध्ये साधारण 40 सेकंद जातात, म्हणजे शेजारी माझ्या जवळपास एक अख्खा चेंडू पुढे! आणि त्याच्याकडे काय, तर जुनी डिश. तिचा सिग्नल जमिनीपासून जवळपास 36 हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जातो आणि परत येतो, त्याला पाव सेकंद लागतो. एन्कोडिंग वगैरे धरून काही सेकंद उशीर तिथेही होतो, पण माझ्या घरात फायबर येऊन मी बत्तीस सेकंद मागे?

दोष फायबरचा नाहीच, हे कळल्यावर तर आणखी चिडचिड झाली. डिशवर एकच प्रवाह अखंड वाहत असतो, सगळ्यांना सारखाच. स्ट्रीमिंगमध्ये त्याच व्हिडिओचे तुकडे पाडतात, बहुतेकदा काही सेकंदांचे. सहा सेकंदांचा तुकडा धरा. साध्या पद्धतीत तो पूर्ण तयार होईपर्यंत, प्लेअर ज्या यादीतून तुकडे उचलतो तिच्यात येतच नाही. शिवाय नेट जरा अडखळलं तरी चित्र थांबू नये म्हणून प्लेअर मुद्दाम साधारण तीन तुकडे मागून सुरुवात करतो. सहा त्रिक अठरा सेकंद इथेच गेले! त्यात एन्कोडिंगचे आणि सर्व्हरवरून सर्व्हरवर पोचण्याचे काही सेकंद घाला, की पंचविशीच्या आसपास येतोच.

मग माझे वरचे सात-आठ सेकंद कुठले? ते माझ्याच घरातले निघाले. पहिल्या डावात चित्र दोनदा गोल गोल फिरत थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं ते जिथे थांबलं होतं तिथूनच. काही प्लेअर किंचित वेगाने चालवून ही भर काढतात, माझा टीव्हीवरचा अॅप मात्र मख्खासारखा तेवढाच मागे राहिला. चहा आणायला पॉझ केलं, रिप्ले बघायला मागे नेलं, तरी तेच. आणि कोपऱ्यातलं लाल "LIVE" तसंच दिमाखात!

तर मी केलं ते असं. अॅप फक्त होमचं बटण दाबून बाजूला न सारता पूर्ण बंद केला आणि षटकं बदलताना पुन्हा उघडला. स्टॉपवॉच लावलं, 25. ज्या अॅपमध्ये लाइव्हवर परत नेणारं बटण असतं तिथे तेही चालतं. मग राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढली, वाय-फाय बंद. वायरने एक सेकंदही कमी झाला नाही, हे नीट ऐका. पण अडखळणं थांबलं आणि सामना संपेपर्यंत 25 चे 26 झाले नाहीत. वायर शक्य नसेल तर दर्जा एक पायरी खाली आणा. त्यानेही उशीर कमी होत नाही, वाढायचा थांबतो.

आणि ते "टीव्हीचा गेम मोड लाव" सांगणारे महाभाग! अरे, त्याने चित्रावरची प्रक्रिया कमी होऊन सेकंदाचा जेमतेम दहावा भाग वाचतो. इथे पंचवीस सेकंदांची बोंब आहे! मोबाइलची स्क्रीन टीव्हीवर मिरर करणं तर त्याहून वाईट, मोबाइलचा उशीर आहेच, वर मिररिंगचा. अॅप टीव्हीवरच चालवा.

खरी खाज इथे आहे की उरलेले 25 सेकंद माझ्या हातात नाहीतच. तुकडा पूर्ण व्हायची वाट न बघता त्याचे बारीक बारीक भाग लगेच पाठवायची सोय आहे. तुकडे पाडून पाठवायच्या एचएलएस नावाच्या पद्धतीची लो-लेटन्सी, म्हणजे कमी उशिराची, आवृत्ती 2019 मध्येच आली, तिने उशीर काही सेकंदांवर येऊ शकतो. पण ती सर्व्हरने द्यावी लागते आणि टीव्हीवरच्या प्लेअरलाही यावी लागते. तुमच्या अॅपच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय दिसला तर लगेच लावा, फक्त नेट कच्चं असेल तर चित्र जास्त अडखळेल. माझ्या अॅपमध्ये नाही. मी तीनदा शोधला.

स्कोअरच्या अॅपची नोटिफिकेशन बंद केलीत मी. शेजाऱ्याची कशी बंद करू? फायनलला गच्चीवरच्या जुन्या डिशची वायर परत जोडतोय. या वेळी आधी मी ओरडणार.