कोपऱ्यातले शून्य

काल परत मिळालेल्या असाइनमेंटवर तिसऱ्या गणिताखाली लाल शाईत एवढेच लिहिलेले आहे, 'कोष्टक नीट पाहा'. दोन तास मी दुसरे काय पाहत होतो?

गणित साधेच होते. पाकिटांची वजने प्रसामान्य वितरणातली, सरासरी ५०० ग्रॅम, प्रमाण विचलन ८ ग्रॅम, तर १००० पाकिटांपैकी ४९० ग्रॅमपेक्षा हलकी किती? झेड, म्हणजे सरासरीपासूनचे अंतर प्रमाण विचलनाच्या पटीत, उणे १.२५ आला, तो बरोबर होता. वर्गात शिकवल्याप्रमाणे कोष्टकात १.२५ समोरचे क्षेत्रफळ पाहायचे आणि ते ०.५ मधून वजा करायचे. आमच्या पुस्तकातले कोष्टक मध्यापासून झेडपर्यंतचे क्षेत्रफळ देते, म्हणजे ०.३९४४, वजाबाकी ०.१०५६ आणि उत्तर सुमारे १०६ पाकिटे. परंतु असाइनमेंटसोबत जोडलेली झेरॉक्स भलत्याच पुस्तकातली होती. तिच्यात डाव्या टोकापासूनचे संपूर्ण क्षेत्रफळ, म्हणजे ०.८९४४ होते, आणि कोणता भाग मोजला आहे हे दाखवणारी वक्राची आकृती झेरॉक्स काढणाऱ्याने पानाच्या कडेसकट कापून टाकली होती. आकृतीविना कोष्टक देणाऱ्याला काय म्हणावे, हे येथे लिहिण्यासारखे नाही.

०.५ मधून ०.८९४४ गेले, उरले उणे ०.३९४४. संभाव्यता उणे येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी काय केले, तर उणे चिन्ह खोडले आणि ३९४ पाकिटे असे ठामपणे लिहून खाली दोन रेघा मारल्या. मी शोधलेला आकडा खोटा नव्हता, तो ४९० ते ५०० ग्रॅमच्या मधल्या पाकिटांचा होता. विचारले भलतेच होते. सरासरीच्या एका प्रमाण विचलनाहूनही खाली जेमतेम १६ टक्के माल असतो, मग त्याच्याही पलीकडे ३९ टक्के कुठून येणार, एवढा विचार रात्री एक वाजता माझ्या मेंदूला झेपला नाही.

पहिल्याच ओळीत, झेड शून्यासमोर ०.०००० आहे की ०.५०००, एवढे पाहिले असते तरी कोष्टकाची जात कळली असती. मी पाहिले नाही, हे मान्य. पण मागच्या खेपेला प्रश्नात 'व्हेरियन्स ६४' असे देऊन त्याचे वर्गमूळ काढायला आम्हाला विसरायला लावणारेही हेच शिक्षक, आणि 'सर्वांत जड १० टक्के' विचारून कोष्टकाच्या पोटात ०.४००० हुडकायला लावणारेही हेच, तिथे १.२८ ला ०.३९९७ आणि १.२९ ला ०.४०१५ सापडते, नेमके ०.४००० कुठेच नाही, आणि जवळचे म्हणून १.२८ घ्यावे हे आम्हाला उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर कळते.

आता मी झेरॉक्सच्या डोक्यावर पेन्सिलीने वक्र काढून डावी बाजू रंगवली आहे. वक्र एका बाजूला कलंडला आहे, म्हणजे प्रसामान्यही राहिलेला नाही.