तोच दोष, दुसऱ्यांदा

“आत्या, फोनचं चार्जिंग पुन्हा बंद पडलंय, वॉरंटी अजून आहे. सर्व्हिस सेंटरला मेलमध्ये नेमकं काय लिहू?” (भाचा, पुण्याहून)

घरच्या ग्रुपवर वहिनींनी लगेच पाण्यात पडलेल्या आपल्या फोनची हकीकत सांगितली, पण ते प्रकरण वेगळे. दादाच्या मते दुरुस्तीनंतर वॉरंटी नव्याने सुरू होते. हे अर्धेच खरे आहे. बदललेल्या भागाला काही कंपन्या ठरावीक मुदत देतात, पण फोनची मुदत खरेदीपासूनच मोजली जाते. ‘आपल्याकडे कायदाच नाही, तिकडे बरं’ हे मात्र सगळ्यांनी एकमुखाने म्हटले, आणि ते मला मान्य नाही.

मी राहते त्या ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार एका दुरुस्तीनंतरही वस्तू सदोष राहिली, तर ती परत करून विक्रेत्याकडे पैसे मागता येतात. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीची अशी संख्या ठरवलेली नाही, ही उणीव मला खरोखर खटकते. तरीही जिल्हा ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. दोन्हीकडे प्रश्न एकच येतो: दोष तोच आहे, हे कागदावर दिसते का?

भाच्याने पाठवलेल्या पहिल्या जॉबशीटच्या फोटोत तक्रारीच्या रकान्यात ‘चार्ज होत नाही’ आणि खाली ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ एवढेच होते. चार्जिंग पोर्टला कोणी हात लावल्याची नोंद नव्हती. माझ्या मते त्याची सगळी बाजू या दोन ओळींवर उभी आहे, म्हणून मी त्याला असा मजकूर दिला:

“१४ सप्टेंबर २०२४ रोजी घेतलेला हा फोन चार्ज होत नसल्याने मी ३ मार्च २०२५ रोजी आपल्याकडे दिला व ११ मार्चला परत घेतला. जॉबशीटनुसार एकही भाग बदललेला नाही. २२ जूनला तोच दोष पुन्हा उद्भवला. दुसरी केबल आणि चार्जर लावूनही फोन चार्ज होत नाही. वॉरंटी १३ सप्टेंबर २०२५ पर्यंत आहे. सदोष भाग विनामूल्य बदलावा, ते शक्य नसल्यास फोन बदलून द्यावा आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे.”

सोबत बिल, जुनी जॉबशीट आणि *#06# डायल केल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक द्यायचा, आणि मेलची प्रत विक्रेत्याला व कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायची.

काउंटरवर मात्र सावध राहावे लागते. तिथला माणूस घाईत ‘बॅटरी लवकर उतरते’ असे लिहून मोकळा झाला, तर कागदोपत्री तो नवा दोष ठरतो. म्हणून ‘चार्ज होत नाही, दुसऱ्यांदा’ हे शब्द लिहून घेतल्याशिवाय फोन हातातून सोडू नये. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. कंपनी फोन बदलून देईल की पुन्हा दुरुस्तच करील, हे मला इथून सांगता येत नाही. मेल काल रात्री गेला आहे.