महिनाअखेर आणि टेम्पो

मुंबईत भाड्याने राहणारा माणूस घर बदलतो तो सहसा महिन्याच्या शेवटच्या तारखेला, आणि त्याच्या कार्यालयाला त्याची सर्वाधिक गरज भासते तीही महिन्याच्या शेवटच्या तारखेलाच. भाडेकराराचे अकरा महिने बहुधा एक तारखेला सुरू होऊन महिनाअखेरीस संपतात. एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा करार नोंदवावा लागत नाही, या जुन्या समजुतीतून हे अकरा महिने आले. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स करार, मुदत कितीही असली तरी, नोंदवणे बंधनकारक केले; पण अकरा महिन्यांची सवय काही गेली नाही. मी हिशेब विभागात नोकरीला असल्यामुळे माझ्या बाबतीत ही सवय आणि पगारपत्रक हे दोन्ही एकाच ३१ तारखेवर येऊन आदळले.

माझी मागणी अगदी साधी होती. गोरेगावचे घर गुरुवारी, म्हणजे ३१ तारखेला, संध्याकाळपर्यंत रिकामे करून द्यायचे होते. मुलुंडच्या घराची किल्ली रंगकाम आटोपून आदल्या संध्याकाळी मिळणार होती. त्यामुळे मला गुरुवार आणि शुक्रवार अशी दोन दिवसांची रजा हवी होती.

साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॅलेंडरकडे.

"एकतीस? तुम्हाला माहीत आहे ना एकतीस म्हणजे काय ते?"

"हो सर. करार संपतो त्या दिवशी."

"मग रविवारी का नाही करत?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने अलीकडे घर बदललेले नसते, हे मी खात्रीने सांगू शकतो. आमच्या नव्या सोसायटीत सामानाची ने-आण सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळेत करता येते. रविवारी रहिवाशांच्या विश्रांतीत व्यत्यय येतो, असे सूचना फलकावर लिहिले आहे. शिवाय लिफ्टच्या नुकसानीपोटी अनामत रक्कम आधी भरून पावती पहारेकऱ्याला दाखवावी लागते. सचिवांच्या सहीचे ते पत्र मी सोबत नेले होते. साहेबांनी ते ताळेबंद वाचावा तसे दोनदा वाचले आणि त्यात पळवाट नाही हे पाहून विषय बदलला.

"पण सामान पॅकर्सवाले उचलतात. त्यात तुमचं काय काम?"

यावर मी त्यांना गुरुवारचा हिशेब मांडून दाखवला. पॅकर्सची माणसे आठला येतो म्हणतात आणि साडेनऊला येतात. दहाच्या आधी जुन्या सोसायटीचे फाटक टेम्पोसाठी उघडत नाही. भांडी आणि पुस्तके खोक्यांत भरून, पलंगाचे स्क्रू काढून, सारे खाली उतरवून टेम्पो भरेपर्यंत दीड वाजतो. त्यानंतर त्या माणसांचे जेवण, आणि मग जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, ज्यावर पवईच्या अलीकडे टेम्पो किती वेळ उभा राहील हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. साडेतीनला मुलुंड गाठले, तर पाचपर्यंत हातात उरतो दीड तास. त्या दीड तासात लिफ्टमध्ये न मावणारे लोखंडी कपाट जिन्याने चढवायचे. राहिलेले सामान पाचनंतर वर नेऊ द्यावे म्हणून पहारेकऱ्याची मनधरणी करायची, आणि ती पॅकर्सवाले करत नाहीत. ती भाडेकरूनेच करावी लागते.

"ठीक आहे, गुरुवार समजलो. शुक्रवार कशाला?"

शुक्रवार लागतो तो वाट पाहण्यासाठी. गॅसजोडणीचा माणूस आणि इंटरनेटवाला हे दोघेही 'दहा ते सहाच्या दरम्यान' येतात, आणि दार वाजल्यावर कोणी उघडले नाही तर पुढली तारीख देऊन जातात. पलंग पुन्हा जोडायला सुतार लागतो. पॅकर्सच्या दरात पलंग सोडवणे असते, जोडणे वेगळे असते. हे मी सांगितल्यावर साहेब उजळले. "मग शुक्रवारी घरून काम करा! घरीच तर आहात!" इंटरनेट जोडायला माणूस येणार आहे, याचाच अर्थ तो येईपर्यंत इंटरनेट नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला मला दोन वाक्ये लागली आणि त्यांना ते पटायला थोडा अधिक वेळ.

खरी कोंडी पुढे झाली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते आणि ती वापरली नाही तर बुडते. माझी शिल्लक होती. पण साहेबांचे म्हणणे पडले की नैमित्तिक रजा अचानक उद्भवलेल्या कामासाठी असते. करार कधी संपणार हे तर तुम्हाला अकरा महिन्यांपूर्वीच ठाऊक होते, तेव्हा हक्काची रजा घ्या. आमच्या कार्यालयात हक्काच्या रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि ३१ तारखेला त्याहून कमी दिवस उरले होते. म्हणजे माझे काम एका रजेसाठी फार आधी ठरलेले होते आणि दुसऱ्या रजेसाठी फार उशिरा. वास्तविक घर सोडायचे हे अकरा महिने आधी कळते. जायचे कुठे हे दलाल, घरमालक आणि अनामत रक्कम यांचे एकमत झाल्यावर, म्हणजे शेवटच्या पंधरवड्यात कळते.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तापाचा सल्ला दिला. पण नंतर नवा पत्ता नोंदवताना मनुष्यबळ विभागाला नोंदणीकृत कराराची प्रत द्यावी लागते, आणि त्या प्रतीवर तारीख स्वच्छ छापलेली असते. ज्या तारखेपासून मुलुंडचे घर ताब्यात, नेमक्या त्याच तारखेला गोरेगावात ताप, हे कुणालाही पटले नसते.

शेवटी मी तोंडी बोलणे थांबवून मेल लिहिला. त्यात 'कृपया विचार व्हावा' हे एकदाच ठेवले आणि बाकी सारे ठोस लिहिले: पगारपत्रकाची तपासणी बुधवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण करून देतो, गुरुवारच्या बिलांची नोंद अमुक सहकारी करतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे, गुरुवारी दुपारी दोन ते तीन, टेम्पोत बसलेला असताना, फोनवर उपलब्ध आहे, सोसायटीचे पत्र सोबत जोडले आहे. वरिष्ठाला रजेची फारशी अडचण नसते असे माझे मत झाले आहे. त्याच्या वरिष्ठाने 'ते काम कोण बघतंय?' असे विचारले तर काय सांगायचे, ही त्याची अडचण असते. ते उत्तर आयते मिळाल्यावर पंधरा दिवसांचा नियम कुणालाच आठवला नाही. गुरुवार पूर्ण आणि शुक्रवार अर्धा मंजूर झाला; उरलेला अर्धा मी मोबाइलच्या नेटवर, खोक्यावर लॅपटॉप ठेवून भरून काढला.

गुरुवारी दोन वाजून गेले आणि पवईच्या अलीकडे साहेबांचा फोन आलाच. बिलांबद्दल असेल म्हणून मी वही उघडली.

"पोचलात का? नाही? बरं, ऐका. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय. तीस तारखेच्या आत खाली करायची आहे." ते थोडे थांबले. "तुमचा तो मेल जरा मला फॉरवर्ड करा. आमच्या साहेबांना पाठवायचाय."