हप्ता नको, एकूण किती जाणार ते बोला!

"काका, हप्ता फक्त 5,392! पर्सनल लोन घेतलंत तर 13,290. बघा तुम्हीच!"

काल म्हापशात बँकेतल्या पोराने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून हे ऐकवलं, तेव्हापासून डोकं तडकलंय. घराची कौलं आणि वासे बदलायचे आहेत. गेल्या चवथीला माटोळीखाली बादली ठेवून आरती केली, यंदा ते करणार नाही. पाच लाख हवेत. होम लोन कित्येक वर्षं फेडतोय, एक हप्ता चुकलेला नाही, म्हणून त्याच घरावर वाढीव कर्ज, म्हणजे टॉप-अप, मागायला गेलो.

त्याने दाखवलेला 5,392 चा हप्ता 14 वर्षांचा होता! होम लोनची जेवढी मुदत उरलीय, तेवढीच टॉप-अपला लावून दिली. पर्सनल लोन मात्र चार वर्षांचं धरलं. घरी येऊन वहीत मांडलं. 12.5 टक्क्यांनी चार वर्षांत व्याज जातं 1 लाख 38 हजार. 9.5 टक्क्यांच्या 'स्वस्त' टॉप-अपवर 14 वर्षांत जातं 4 लाख 6 हजार! दर तीन टक्क्यांनी कमी आणि व्याज जवळपास तिप्पट. हे तो बोलला नाही, मी विचारलं तेव्हा "पण हप्ता परवडतो ना" म्हणाला.

तोच टॉप-अप चार वर्षांत फेडला तर हप्ता 12,562 आणि व्याज 1 लाख 3 हजार. म्हणजे पर्सनल लोनपेक्षा 35 हजार वाचतात. टॉप-अप स्वस्त पडतो तो असा, मुदत तेवढीच ठेवली तरच. मी चार वर्षं मागितली तर "सिस्टीम घेत नाही". आतल्या मॅडमना विचारलं तर पाच मिनिटांत घेतली सिस्टीमने!

मग विमा निघाला. 24 हजारांचा एकरकमी हप्ता, कर्जातच मिळवून, म्हणजे त्यावरही व्याज. "कंपल्सरी आहे काका." कुठल्या नियमात आहे ते दाखव म्हटलं, तर मोबाईल बघत बसला. वर लीगल आणि व्हॅल्युएशनचे आठ हजार. घराची सगळी मूळ कागदपत्रं यांच्याच तिजोरीत पडून आहेत, तरी घरावर दुसरा बोजा नसल्याचं नील एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट पुन्हा मीच सब-रजिस्ट्रारकडून आणायचं! दोन्हीकडची प्रोसेसिंग फी सारखी धरली तरी माझे 35 हजार वाचणार होते, त्यातले 32 हजार इथेच संपले. लाखभर रुपये वर्षभरासाठी हवे असते तर व्याजातला फरक जेमतेम 1,700 रुपयांचा. त्यासाठी हा खर्च आणि हे हेलपाटे कोण करील? तिथे पर्सनल लोनच बरं.

आणि हे तेच लोक. माझं कर्ज जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 6.50 वरून 5.25 वर आला, शेजाऱ्याचा दर भराभर उतरला, माझा रखडला. रेपोशी जोडलेल्या दरावर जाता येतं, थोडी फी भरून एक अर्ज द्यायचा, हे यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. विमा विकायला मात्र रविवारी दुपारी, जेवायला बसलो की फोन!

मॅडमनी एक गोष्ट कबूल केली, तीही मी खोदून विचारल्यावर. टॉप-अप बदलत्या व्याजदराचा असेल तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड घेता येत नाही. पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं, तिथे दंड लावतात. म्हणजे 14 वर्षांचा टॉप-अप गळ्यात पडला तरी महिन्याला आपण होऊन 12,562 भरले की चार वर्षांत सुटका. पण पैसे टॉप-अपच्या वेगळ्या खात्यात, मुद्दलात जमा करा आणि मुदत कमी करा असं लेखी द्यायचं. नाहीतर ते हप्ता कमी करून मोकळे होतात. आणि टॉप-अप थकला तर जप्ती घरावरच येते, पर्सनल लोनमध्ये घर तारण नसतं. हेही त्या पोराने सांगायचं होतं!

सहीआधी की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचं पत्रक, देणं 1 ऑक्टोबर 2024 पासून बंधनकारक आहे. त्यात एपीआर असतो, म्हणजे फी, विमा सगळं धरून पडणारा खरा वार्षिक दर. मी मागितलं तर पोरगा म्हणाला, "ते सही झाल्यावर मेलवर येतं." सही झाल्यावर! सोमवारी पुन्हा जातोय. विमा काढून, 48 महिन्यांचं ते पत्रक हातात पडल्याशिवाय कागदाला पेन लावणार नाही.