एरंडेलाच्या प्रतिक्रियेला उत्तर

बाळाचं वरचं खाणं, बद्धकोष्ठ आणि पुरळ यावरच्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: "लेख वाचला. चार दिवस शी झाली नाही तरी थांबा म्हणता? मी तीन नातवंडं वाढवली, दर रविवारी चमचाभर एरंडेल, पोट साफ, कटकट नाही. डाळीच्या पाण्यालाही नावं ठेवलीत. नाचणी थंड असते हे तर लिहिलंच नाही. पुरळाबद्दल जेमतेम दोन ओळी. हल्लीच्या आयांना पुस्तकं वाचून सगळं कळतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अक्कल नसते असंच ना?"

काकू, वयाने मोठ्या आहात म्हणून काकूच म्हणते. शेवटचं वाक्य वाचून खरंच वाईट वाटलं. अख्ख्या लेखात म्हाताऱ्या माणसांना अक्कल नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा. माझ्या मुलीचं उष्टावण माझ्या सासूबाईंनी केलं, नाचणी भिजवून, मोड काढून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व त्यांनीच केलं, भात किती मऊ शिजवायचा ते मी त्यांच्याकडून शिकले. तेव्हा आज्जी विरुद्ध सून असलं भांडण माझ्या ब्लॉगवर नको, प्लीज. मुद्दा पटला नाही तर मुद्द्यावर बोला ना, आयांची जात काढून काय मिळतं?

आणि चार दिवसांचं वाक्य तुम्ही अर्धंच उचललंत. ते फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाबद्दल होतं. आईच्या दुधाचा चोथा फार उरत नाही म्हणून दीडेक महिन्यानंतर अशा बाळाला कधीकधी चार काय सहा दिवसही शी होत नाही आणि झाली की मऊ पिवळी होते, बाळ खेळतंय, पितंय, पोट मऊ आहे तर ते बद्धकोष्ठ नाहीच. वरचं खाणं सुरू झालं की हिशोब बदलतो. मग दिवस मोजायचे नाहीत, शी बघायची. शेळीच्या लेंड्यांसारखी कडक आहे का, बाळ कळवळून रडतंय का, डायपरला रक्ताची रेघ आहे का. नुसतं तोंड लाल करून कुंथणं म्हणजे बद्धकोष्ठ नव्हे, मऊ शी करतानाही लहान बाळं कुंथतात.

आता एरंडेल, कारण हे वाचून कुणी उद्या सकाळी बाटली काढेल याची मला भीती वाटते. एरंडेल शी मऊ करत नाही, ते आतड्याला जोरात हलवतं. पोटात कळा येतात, पाण्यासारखे जुलाब होतात आणि आतडं पार रिकामं होतं. रिकामं आतडं पुन्हा भरायला वेळ लागतो म्हणून पुढचे दोनतीन दिवस शी होत नाही. ते साहजिक आहे, पण घरात लगेच "परत अडकलं" म्हणतात आणि परत चमचा. तुमच्या रविवारचं रहस्य हेच असावं असं मला वाटतं, सोमवार ते बुधवार पोट रिकामं म्हणून शांत आणि आठवडा संपेपर्यंत पुढचा डोस तयार. कटकट नाही असं दिसतं, पण बाळाला खाण्यातून काय जमतंय आणि काय नाही हे कधी कळतच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या नणंदेच्या मुलाला सातव्या महिन्यात असंच झालं. खाणं सुरू करताना घट्ट सत्त्व, भात आणि अर्धवट पिकलेलं केळं, सगळं पिठूळ आणि पाणी जवळजवळ नाहीच, शिवाय पोट भरतंय म्हणून दूधही कमी झालेलं. शी कडक झाली, शीच्या जागी चीर पडली. एकदा दुखलं की बाळ शी रोखून धरतं, रोखली की आणखी सुकते, आणखी दुखतं. घरातल्यांनी पाय धरून, आडवं करून एरंडेल पाजलं. दिवसभर पातळ शी, चिरेवरून तीच आंबट शी जाऊन ढुंगण लालबुंद, कातडी सोलल्यासारखी, पोराला टेकवताही येईना. दोन दिवस शी नाही म्हणून परत एरंडेल काढलं तेव्हा मी बाटली हातातून घेतली आणि त्यावरून घरात बरंच झालं, तेही सांगते. आडवं करून पाजलेलं तेल श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात उतरू शकतं, त्याने न्यूमोनिया होतो, रडणाऱ्या बाळाच्या तोंडात तेल ओतताना हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं सिरप दिलं, ते आतड्यात पाणी धरून शी मऊ ठेवतं. ते मोजून आणि सांगितलंय तितकेच दिवस, स्वतःच्या मनाने नाही. बाकी सगळं घरातलंच. सत्त्व थोडं सैल केलं. कच्च्या केळ्याऐवजी काळे ठिपके पडलेलं पिकलं केळं, पिकलेली पपई, वाफवलेलं पेर, वरणभातात साजूक तुपाचा छोटा चमचा. पेरात सॉर्बिटॉल नावाची साखर असते, तीही पाणी धरते. उकळून गार केलेल्या पाण्यात रात्री चारपाच काळ्या मनुका, सकाळी कुस्करून गाळून ते पाणी. खाताना कपातून उकळलेलं पाणी घोट घोट, पण इतकं नाही की दूध कमी पिईल. चीर भरेपर्यंत शी मऊच राहायला हवी, म्हणून एक दिवस बरं वाटलं की सगळं बंद करायचं नाही.

एक मान्य करते, मनुकांचं पाणी उकळलेलंच हवं हे मी लेखात लिहिलं नव्हतं, ते आता घातलंय.

डाळीच्या पाण्याला नावं ठेवली नाहीत, त्याने पोषण फारसं होत नाही एवढंच म्हटलं. इतक्याशा पोटात नुसतं पाणी भरलं तर दूध आणि डाळ दोन्हीला जागा उरत नाही, डाळच घोटून द्या. नाचणी थंड की गरम यावर मला वाद घालायचा नाही.

पुरळाचं मात्र नीट सांगते. पातळ शीने झालेलं पुरळ ढुंगणाच्या फुगीर भागावर असतं आणि जांघेच्या घड्या बऱ्याचदा वाचतात. साध्या पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, डायपरशिवाय उघडं ठेवायचं आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाड थरात, पावडर नाही. घड्यांमध्येही लाल आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसले तर ते बुरशीचं असू शकतं, झिंकने जाणार नाही, डॉक्टरांकडे जा. नवीन पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांध्या उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलटी झाली तर ती अॅलर्जी, तो पदार्थ बंद आणि लगेच दाखवायचं. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही. टोमॅटोने फक्त तोंडाभोवती लाली आली तर ते बहुतेक वेळा आंबटपणाने होतं, पुसल्यावर उतरतं.

आणि काकू, ज्या घरात आज एरंडेल देऊन झालंय आणि पातळ शी सुरू आहे त्यांनी दूध बंद करू नका, प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस चमच्याने ५० ते १०० मिली द्या, सहा तास सू नाही, डोळे खोल गेले, बाळ मलूल झालं तर तडक दवाखाना. हिरवी उलटी किंवा पोट फुगून टणक झालं असेल तरीही तेच.