घामाने ताप जात नाही, आत्या!

«ताप म्हणजे शरीराचे औषध! १) ताप थंडीचा असो की उन्हाचा, घोंगडी पांघरून घाम काढा. घामावाटे ताप निघून जातो. २) पॅरासिटामॉलने ताप आत दबतो आणि मेंदूत चढतो. ३) ताप जंतू मारतो, म्हणून कधीही उतरवू नका. ४) तळपायाला कांदा बांधा. सर्व ग्रुपवर पाठवा.»

हे खानापूरच्या आत्याने पाठवलं. नुसतं पाठवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तिने ते स्वतःवर करून बघितलं, आणि वर मला फोन करून सांगितलं, "अरे, घोंगडीनंच उतरला बघ!"

उतरला कसा, ते सुनेकडून कळलं. संध्याकाळी सहाला थर्मामीटर १०० दाखवत होता, आणि आत्याचे दात वाजत होते, हात बर्फासारखे. आठला १०३. थंडी गेली, चेहरा लालबुंद. तरी दोन घोंगड्या अंगावर, खिडक्या बंद. साडेआठला सुनेने गुपचूप पॅरासिटामॉलची गोळी दिली. दहाच्या सुमारास आत्या घामाने निथळली. श्रेय घोंगडीला.

आता सहा वाजताची गोष्ट बघा. अंग तापलेलं, तरी थंडी का वाजते? जंतू दिसले की आपल्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ असे निरोप रक्तात सोडतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, शरीराचं तापमान राखणारा. निरोप पोचले की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कॉक्स-२ नावाचं एन्झाइम वाढतं आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं. ते तिथल्या चेतापेशींवर बसलं की ९८.६ वर लावलेला काटा १०३ वर सरकतो. शरीर असतं १०० वर, म्हणजे त्याच्या हिशेबाने तीन अंश थंड! मग हातापायांकडचं रक्त आवळून घ्यायचं, स्नायू थरथरवून उष्णता करायची. १०३ गाठलं की थंडी संपते. गोळीने प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की काटा खाली येतो, शरीराला आपण फार गरम आहोत असं वाटतं, आणि घाम सुटतो. म्हणजे घाम हा ताप उतरत असल्याची खूण, कारण नव्हे. थंडी वाजत असताना घोंगडी घ्या, बरं वाटतं. पण थंडी गेल्यावर तीच घोंगडी बाहेर जाणारी उष्णता अडवते.

आत्याच्या मेसेजमधला जिवावर बेतणारा शब्द मात्र "उन्हाचा" हा आहे. अथणी, रायबाग, चिकोडीकडे एप्रिलच्या उन्हात उसाच्या फडात माणूस कोसळला, तर तो ताप नसतोच. तिथे काटा ९८.६ वरच असतो. शरीर थंड व्हायला धडपडतं, पण बाहेरची आणि कष्टाची उष्णता त्याला पुरून उरते. संसर्गाचा ताप १०६ च्या वर क्वचितच जातो, कारण मेंदू त्याला लगाम घालतो. ऊन लागलेल्याला तसा लगाम नाही. काटाच सरकलेला नसल्याने पॅरासिटामॉलही चालत नाही. अंग भाजतंय, १०४ च्या वर आहे आणि माणूस बरळतोय, तर आधी सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा, आणि लगेच दवाखाना. शेजारी कानडीत "ज्वर बंदैती", म्हणजे ताप आलाय, असं म्हणाले म्हणून अशा माणसावर घोंगडी टाकलीत, तर तुम्हीच त्याला भाजून काढाल.

मेंदूत चढतो म्हणे! अहो, तो तिथूनच सुटलेला असतो. गोळी तिथलाच काटा खाली आणते.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जंतू टोचले आणि वेगवेगळ्या तापमानात ठेवलं. सरडा स्वतःची उष्णता करू शकत नाही, त्यामुळे बाहेरचं तापमान तेच त्याचं. ४२ अंश सेल्सिअसला बहुतेक जगले, ३४ ला मेले. ताप लढाईत मदत करतो, यावर मी वाद घालत नाही. पण आत्या काही सरडा नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अतिदक्षता विभागांत, संसर्गाचा संशय असलेल्या ७०० तापकऱ्यांपैकी निम्म्यांना शिरेतून पॅरासिटामॉल दिलं, बाकीच्यांना बनावट औषध. नव्वद दिवसांत दोन्हीकडे मृत्यू जवळपास सारखेच. म्हणजे पॅरासिटामॉलने ना जीव वाचले, ना गेले. शिवाय दर अंश सेल्सिअसला शरीराचा खर्च दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. हृदय अशक्त असलेल्याला तो झेपेलच असं नाही. तेव्हा १०१ ला अंग दुखत नसेल तर गोळी नका घेऊ. दुखत असेल, झोप नसेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्या. डेंग्यूचा संशय असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

कांदा? भाजीत घाला.