आईचं इन्सुलिन जुन्या घरी गेलं

फेब्रुवारीत आम्ही कोथरूडचा भाड्याचा फ्लॅट सोडून वाकडला राहायला आलो. गॅस, बँक, मुलाची शाळा, सगळीकडे पत्ता बदलला. औषधांच्या अ‍ॅपमध्येही नवा पत्ता टाकला. जुना काढला मात्र नाही, आणि 'डिफॉल्ट' तोच राहिला.

दोन महिने काहीच बिघडलं नाही, कारण ऑर्डर करताना दर वेळी मी हाताने वाकड निवडत होते. एप्रिलमध्ये एका रात्री आईच्या इन्सुलिनची शेवटची कार्ट्रिज लावली आणि घाईत 'बाय नाऊ' दाबलं. ते बटण पत्ता निवडायच्या पानावर थांबतच नाही, थेट डिफॉल्ट पत्ता उचलतं. वर बारीक अक्षरांत 'होम' दिसत होतं. मी दोन्ही पत्त्यांना 'होम' असंच नाव दिलेलं. पुढची ओळ अर्धवट कापलेली, आणि पिनकोड तर त्या पडद्यावर नव्हताच. मला ते आपलंच घर वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुरिअरवाल्याचा फोन आला. "मॅडम, घरी कोणी नाही, पार्सल काय करू?" मी ऑफिसात होते. नेहमीसारखं म्हणाले, "वॉचमनकडे ठेवा, दादा." कुठल्या सोसायटीच्या वॉचमनकडे, हे त्यानेही विचारलं नाही आणि मीही नाही. जुन्या पत्त्यावर माझा चालू मोबाइल नंबर होता, त्यामुळे फोन बरोबर माणसाला लागला आणि चूक झाकली गेली. नंबर बंद असता तर बहुधा पार्सल परत गेलं असतं आणि मला तेव्हाच कळलं असतं. पैसे आधीच भरलेले होते, म्हणून दारात पैसे मागायचाही प्रश्न आला नाही.

संध्याकाळी आमच्या वॉचमनकडे पार्सल नव्हतं. अ‍ॅपमध्ये 'डिलिव्हर्ड' असं आलेलं. मी ऑर्डर उघडली, पत्ता पूर्ण वाचला आणि शेवटी 411038 दिसलं. आमचा आता 411057. कोथरूडला फोन लागेपर्यंत आणि तिथे पोचेपर्यंत दुसरी दुपार झाली. पाच कार्ट्रिजचा डबा पत्र्याच्या केबिनमध्ये खिडकीशेजारी ठेवलेला. सोबतचा बर्फाचा पॅक केव्हाच कोमट झाला होता. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, आणि बाहेर काढलं तरी साधारण 30 अंशांखाली. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ते किती तापलं असेल, कोण सांगणार? बिघडलेलं इन्सुलिन दर वेळी डोळ्यांना कळत नाही, ते साखर वाढल्यावरच कळतं. डबा टाकून दिला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवा आणला.

माझा राग त्या कुरिअरवाल्यावर नाही. पार्सल निघतं ते पिनकोडवर. एकदा ते 411038 च्या थैलीत पडलं की त्या भागातला मुलगा ते वाकडला आणून देऊ शकत नाही, त्याची लाइनच वेगळी. पत्ता बदलायचा तर माल निघण्याआधीच. राग आहे तो पैसे भरायच्या पानावर. तिथे किंमत ठळक असते, सूट ठळक असते, मग भागाचं नाव आणि पिनकोड का नाही? आपल्याकडे बरेच भाडेकरार अकरा महिन्यांचे असतात. नवा पत्ता सलग चार वेळा निवडल्यावर "जुना डिफॉल्ट बदलू का?" एवढं विचारणं अ‍ॅपला जड नाही.

त्या रात्री पत्त्यांची यादी उघडली. नऊ पत्ते निघाले. हॉस्टेल, सोडलेलं ऑफिस, कोथरूड दोनदा. राहत नसलेले सगळे काढून टाकले. जुन्या ऑर्डरी तशाच दिसतात, काही हरवत नाही. नणंदेचा नाशिकचा पत्ता ठेवला, पण त्यावर माझा नंबर होता तो बदलून तिचा टाकला. 'होम' हे नाव काढून 'वाकड' केलं.

दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या, म्हणून सविस्तर सांगते. किराणा दहा मिनिटांत आणणाऱ्या अ‍ॅपमध्ये जुन्याच पत्त्याची अक्षरं बदलली, तर नकाशावरची खूण जुन्याच जागी राहू शकते, आणि डिलिव्हरीवाला खुणेकडे जातो. म्हणून तिथे जुना काढून नवा पत्ता नव्या घरात उभं राहून टाकला. दुसरं, दर महिन्याला आपोआप येणाऱ्या वस्तू. आईच्या साखर तपासायच्या पट्ट्यांची अशी ऑर्डर लावलेली होती. डिफॉल्ट बदलूनही तिच्यावर कोथरूडच राहिलं होतं, तिथे आत जाऊन वेगळा बदलावा लागला.

आणि आमच्या वाकडच्या फ्लॅटवर आधीच्या भाडेकरूंची पार्सलं अजून येतात, आत्तापर्यंत तीन. पहिलं वॉचमनने घेऊन ठेवलं, ते तिथेच पडून राहिलं. आता त्याला सांगितलंय, लेबलवर आमचं नाव नसेल तर घेऊच नका. नाकारलेलं पार्सल विकणाऱ्याकडे परत जातं आणि मागवणाऱ्याला तसा मेसेज मिळतो. घेऊन ठेवलं तर त्यांच्या फोनवर फक्त 'डिलिव्हर्ड' येतं.